बेसवर ठेवलेलाच हँडसेट ‘आउट ऑफ रेंज’ म्हणतो: दुरुस्तीच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार. रत्नागिरी

आत्याच्या घरचा कॉर्डलेस फोन साधारण दोन आठवड्यांपासून बंद आहे असे तिने फोनवरच सांगितले होते, अर्थात माडीवरच्या दुसऱ्या हँडसेटवरून. आज सकाळी येथे पोहोचल्यावर पहिल्यांदा तो स्वतः पाहिला. माजघरातला हँडसेट बेसवर बसलेला आहे, त्याच्या पडद्यावर बॅटरीचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते आणि त्याच पडद्यावर `Out of range` अशी ओळ आहे. बेस आणि हँडसेट यांच्यात अंतरच नसताना हँडसेट अंतराची तक्रार करतो, हे आत्याला पटत नाही. “अरे, जागचा हललेला नाही तो, मग लांब गेला कसा?” असे ती विचारते, आणि तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. या नोंदी त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहेत.

संचाची माहिती आधी लिहून ठेवतो. एक बेस, त्यासोबतचा एक हँडसेट माजघरात, आणि दुसरा हँडसेट स्वतःच्या वेगळ्या चार्जिंग स्टँडसह माडीवर, असा हा जोड संच २०१८ साली घेतलेला आहे. बेसच्या तळावरच्या लेबलवर २.४ गिगाहर्ट्झ असे छापलेले आहे. दोन्ही हँडसेटमध्ये प्रत्येकी दोन बारीक चार्जिंगचे सेल असून घेतल्यापासून ते एकदाही बदललेले नाहीत. गेल्या वर्षी तांब्याची जुनी तार जाऊन फायबर आले, तेव्हापासून टेलिफोनची जोडणी फायबरच्या डब्यातल्या फोनच्या खाचेतून येते, आणि हा डबा बेसच्या शेजारीच, वीतभर अंतरावर ठेवलेला आहे. घराच्या भिंती जांभ्याच्या आहेत, त्यामुळे माजघरात मोबाईलचे सिग्नल टिकत नाहीत. म्हणून हा फोन चालू राहणे आत्यासाठी खरोखर आवश्यक आहे. देवरुखच्या बहिणीशी तिचे रोज रात्री आठ वाजता बोलणे याच हँडसेटवरून होत असे.

आत्याला खोदून विचारल्यावर बिघाडाचा इतिहास दोन टप्प्यांत असल्याचे कळले, आणि हीच गोष्ट पुढे सर्वांत उपयोगी ठरेल असे वाटते. फेब्रुवारी-मार्चपासून बोलता बोलता दोन-तीन मिनिटांत फोन तुटायचा, पडद्यावर हीच ओळ यायची, आणि हँडसेट बेसवर ठेवला की पाच मिनिटांत सारे पूर्ववत व्हायचे. मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस वीज बराच वेळ गेली, हँडसेट पूर्ण बंद पडला, आणि वीज आल्यावर चार्ज होऊनही ती ओळ काही गेली नाही. म्हणजे आधी अधूनमधून येणारा दोष होता आणि नंतर तो कायमचा झाला. एकच बिघाड वाढत गेला, की पहिल्यावर दुसरा येऊन बसला, हे तपासाने ठरवावे लागेल.

दुपारी पहिल्या तीन चाचण्या केल्या. पहिली चाचणी लाइनची: बेसची वायर काढून फायबरच्या डब्यात आत्याचा जुना साधा वायरचा फोन लावला, डायल टोन स्वच्छ आला. दुसरी बेसची: माडीवरचा हँडसेट खाली आणून त्यावरून माझ्या मोबाईलवर फोन लावला, लागला आणि आवाजही चांगला आला. एवढ्याने बेसचा अडॅप्टर, बेसमधला रेडिओ आणि लाइन या तिन्ही गोष्टी निर्दोष ठरल्या. जोड संच असण्याचा हा फार मोठा फायदा आहे. एकच हँडसेट असता तर बेस मेला की हँडसेट, हे ठरवायला अडॅप्टरचा दाब मोजण्यापासून सुरुवात करावी लागली असती. हँडसेट चार्ज होतो एवढ्यावरून बेसचा रेडिओ जिवंत आहे असे धरून चालत नाही, कारण चार्जिंगच्या पट्ट्यांना वीज अडॅप्टरकडून मिळते आणि रेडिओचा भाग बिघडलेला असला तरी ती मिळत राहू शकते.

तिसरी चाचणी शेजारच्या डब्याची होती. त्या डब्यातले वाय-फायही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, त्यामुळे त्याच्या गोंगाटात हँडसेटला बेस ऐकू येत नसेल अशी शंका होती. डब्याची वीज दोन मिनिटे बंद केली. माडीवरच्या हँडसेटवर सिग्नलचे चिन्ह कायम राहिले, फक्त डायल टोन गेला. माजघरातल्या हँडसेटवर मात्र तीच ओळ राहिली. वाय-फाय हे कारण नाही हे यावरून कळले. शिवाय आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली, जी पुष्कळदा गोंधळात टाकते: टेलिफोनची लाइन मेली तर हँडसेट ‘आउट ऑफ रेंज’ म्हणत नाही, तो केवळ मुका होतो. ही ओळ फक्त हँडसेट आणि बेस यांच्यातल्या नात्याबद्दल बोलते. बेसच्या पलीकडे काय चालले आहे याची तिला खबर नसते.

ते नाते कसे असते ते येथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या चाचण्या त्यावर उभ्या आहेत. बेस सतत स्वतःची ओळख हवेत सांगत असतो. हँडसेट त्याच्या स्मृतीत नोंदलेल्या बेसची ओळख कानावर येते का हे ठरावीक काळाने ऐकत राहतो. ती आली की तो बेसला उत्तर देतो, बेस त्याचे नाव आपल्या यादीत आहे का ते पाहतो, आणि असेल तर जोडणी मान्य होते. या साखळीतली कुठलीही कडी तुटली, म्हणजे बेस बोललाच नाही, किंवा हँडसेटला उत्तर देण्याइतका जोर राहिला नाही, किंवा बेसच्या यादीत त्याचे नाव नाही, तरी या संचाच्या पडद्यावर एकच ओळ उमटते. अंतर हे त्या ओळीचे फक्त एक कारण आहे. ओळ छापणाऱ्याने नेहमी घडणारे कारण धरून शब्द निवडले, म्हणून आत्याला तो शब्द खोटा वाटतो.

१० जून २०२४, सोमवार

सकाळी दोन्ही हँडसेटची मागची झाकणे उघडली. माजघरातल्या हँडसेटमध्ये ऋण बाजूच्या दोन स्प्रिंगांपैकी एकीवर पांढुरके, कडेला किंचित हिरवट कवच चढलेले होते. नखाने खरवडल्यावर ते मिठाच्या खड्यासारखे कुरकुरत सुटले. त्याच स्प्रिंगला टेकलेल्या सेलच्या आवरणाची खालची कड फुगून सुटली होती. सेलवर निकेल-मेटल हायड्राइड, १.२ व्होल्ट, ५५० मिलिअँपिअर-तास असे छापलेले आहे. माडीवरच्या हँडसेटचे सेल त्याच जातीचे, पण त्यांची आवरणे धड आहेत आणि स्प्रिंगा चकचकीत आहेत.

मल्टिमीटरने नुसता दाब मोजला तेव्हा माजघरातल्या सेलांपैकी एकाने १.२६ व्होल्ट आणि कवच चढलेल्या बाजूच्या सेलाने १.२४ व्होल्ट दाखवले. एवढेच पाहिले असते तर दोन्ही सेल उत्तम आहेत असा निष्कर्ष काढून मोकळा झालो असतो, आणि बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथेच. मल्टिमीटर सेलकडून जवळजवळ काहीच प्रवाह मागत नाही. म्हातारा सेलही त्याला पूर्ण दाब दाखवतो. सेलचा खरा कस त्याच्याकडून काम करून घेतल्यावरच कळतो. म्हणून अवजारांच्या डबीतला ४.७ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर प्रत्येक सेलच्या दोन टोकांना दहा सेकंद जोडून धरला आणि त्या अवस्थेत दाब पुन्हा मोजला. एका सेलमागे साधारण पाव अँपिअर प्रवाह त्यातून वाहतो. हँडसेटचा रेडिओ सलग बोलत नाही, तो अगदी तुटक झटक्यांनी बोलतो, आणि त्या झटक्यांच्या क्षणी त्याची मागणी सरासरीपेक्षा खूप मोठी असते. म्हणून चाचणीचा भार असा थोडा जड ठेवला.

भाराखाली पहिला सेल १.२१ व्होल्टवर आला, म्हणजे ०.०५ व्होल्ट उतरला. दुसरा सेल १.२४ वरून थेट ०.८६ वर कोसळला. हिशेब केला तर दुसऱ्या सेलातून ०.८६ भागिले ४.७, म्हणजे ०.१८ अँपिअर वाहत होते, आणि तेवढ्या प्रवाहाला ०.३८ व्होल्ट सेलच्या पोटातच खर्च होत होते. म्हणजे त्याचा अंतर्गत रोध दोन ओहमच्या वर गेला आहे. पहिल्या सेलाचा हाच आकडा ०.२ ओहमच्या आसपास येतो. एकाच जोडीतले, एकाच दिवशी बसवलेले, एकसारखेच राबवलेले दोन सेल, आणि त्यांच्यात दहापट फरक. माडीवरचे दोन्ही सेल १.२८ वरून १.१९ पर्यंत उतरले. त्यांचेही वय झाले आहे, पण ते अजून चालण्याजोगे आहेत. तो हँडसेट वापरला कमी जातो, आणि माडीवर उन्हाळ्यात कोणी नसल्याने आत्या त्याच्या स्टँडचे बटण बंद ठेवते, म्हणून चार्जिंगची सततची ऊब त्या सेलांना कमी लागली असावी असे मला वाटते.

बॅटरीचे चिन्ह भरलेले का दिसते याचाही उलगडा येथेच होतो. ज्या सेलाचा अंतर्गत रोध वाढला आहे, त्याला चार्ज करताना त्याच्या टोकांवरचा दाब पटकन चढतो. हँडसेट त्या चढलेल्या दाबावरून सेल भरला असे समजतो, चिन्ह पूर्ण दाखवतो, आणि बोलायला उचलल्यावर पहिल्या काही मिनिटांत तो दाब ढासळतो. आत्या गेले काही महिने म्हणत होती की फोन पूर्ण भरलेला असतानाही तुटतो, त्यात तिची काही चूक नव्हती.

यानंतर अदलाबदल केली, आणि तिने खरा निकाल दिला. माजघरातल्या हँडसेटचे आजारी सेल माडीवरच्या हँडसेटमध्ये घातले: तो चालू झाला, सिग्नल दिसले, माझ्या मोबाईलवर फोन लागला, आणि एक मिनीट वीस सेकंदांनी फोन तुटून त्याच्याही पडद्यावर `Out of range` आले. म्हणजे फेब्रुवारीपासूनचा अधूनमधूनचा दोष सेलांचाच होता, हे सिद्ध झाले. मग उलट केले: माडीवरचे चालणारे सेल माजघरातल्या हँडसेटमध्ये घातले. तो चालू झाला, पण ती ओळ काही गेली नाही. दहा मिनिटे थांबलो, बेसवर ठेवला, उचलला, सेल काढून पुन्हा घातले, तरी नाही. चांगले सेल असूनही जोडणी होत नाही, आणि बेस तर दुसऱ्या हँडसेटशी बोलतो, म्हणजे आता तिसरी कडी तुटलेली असणार: बेसच्या यादीत या हँडसेटचे नाव नसावे.

ते पडताळणे सोपे होते. बेसवरचे शोधण्याचे बटण एकदा दाबले तर यादीतले सगळे हँडसेट वाजायला हवेत. फक्त माडीवरचा वाजला. मग माडीवरच्या हँडसेटवरून इंटरकॉमने दुसऱ्या हँडसेटला हाक मारून पाहिली, तर हाक जाण्यासाठी दुसरा हँडसेटच नाही असे त्याने दाखवले.

पण नोंद मुळात गेलीच कशी? ती बेसच्या कायमच्या स्मृतीत असते. वीज गेल्याने किंवा सेल काढल्याने पुसली जात नाही. आत्याला विचारले तेव्हा तिला आठवले की मे महिन्यात हँडसेट पूर्ण बंद पडलेला असताना शेजारचा कॉलेजातला मुलगा मदतीला आला होता आणि त्याने माडीवरच्या हँडसेटवरून ‘काहीतरी सेटिंग’ केले होते. संध्याकाळी त्याला बोलावून विचारले. त्याने पुस्तिका वाचून पहिल्या हँडसेटची नोंद रद्द केली होती, ती नव्याने करावी म्हणून. पण बंद हँडसेटमुळे पुढची पायरी झाली नाही आणि मग ते तसेच राहिले. त्याचा हेतू चांगला होता आणि पायरीही पुस्तिकेतलीच होती. घडले ते असे: बेसने नाव पुसले, पण त्या वेळी हँडसेट बंद असल्याने त्याला ते कळलेच नाही. तो अजूनही स्वतःला या बेसचा समजतो, त्याची ओळख ऐकतो, उत्तर देतो, आणि बेस त्याला ओळखत नाही.

रात्री एक घाईचा प्रयत्न केला, त्याचीही नोंद हवी. माडीवरचे सेल परत माडीवरच्या हँडसेटमध्ये घालणे भाग होते, कारण रात्री आत्याकडे एक तरी चालू फोन हवा. म्हणून माजघरातल्या हँडसेटच्या स्वतःच्या आजारी सेलांवरच पुन्हा नोंदणी करून पाहिली. बेसचा आकडा टाकून होकाराचे बटण दाबताच पडदा एकदा लुकलुकला आणि विझला. नोंदणीच्या वेळी हँडसेट सलग काही सेकंद बेसशी देवाणघेवाण करतो, आणि भाराखाली ०.८६ व्होल्टवर येणाऱ्या सेलाला ते झेपत नाही. सेल आधी आणि नोंदणी नंतर हा क्रम पाळायला हवा होता. उलट केले तर नोंदणी फसते आणि दोष हँडसेटच्या रेडिओचा आहे असा चुकीचा समज होतो.

११ जून २०२४, मंगळवार

बाजारात जाऊन सेल आणले. पहिल्या दुकानात हँडसेट दाखवल्यावर रिमोटचे साधे बारीक सेल पुढे केले गेले. आकार तोच, दाबही १.५ व्होल्ट म्हणजे थोडा जास्तच, आणि हँडसेट त्यांवर चालेलही. पण बेसवर ठेवताच बेस त्यांना चार्ज करू लागेल, आणि चार्ज न होणारे अल्कलाइन सेल चार्ज केले तर ते तापतात, गळतात, क्वचित फुटतात. वयस्कर माणसाच्या कानाशी धरायच्या वस्तूत तो धोका कदापि पत्करू नये. दुसऱ्या दुकानात, जेथे फोटोग्राफीचे सामानही मिळते, तेथे निकेल-मेटल हायड्राइडचे ८०० मिलिअँपिअर-तासांचे, न वापरता ठेवले तरी चार्ज टिकवून धरणारे सेल मिळाले. चारांचे एकच पाकीट घेतले, म्हणजे दोन्ही हँडसेटना एकाच घाण्यातले सेल मिळतील. त्याहून जास्त क्षमतेचेही होते, ते मुद्दाम घेतले नाहीत: असे काही सेल जाडीला केसभर जास्त भरतात आणि हँडसेटच्या खोबणीत ते कोंबून बसवावे लागतात, शिवाय बेसच्या मंद चार्जिंगने ते भरायला फार वेळ लागतो.

नवे सेल बसवण्याआधी स्प्रिंग स्वच्छ करणे आवश्यक होते. या सेलातून पाझरलेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून कानातल्या कापसाच्या काडीला व्हिनेगरचा जेमतेम ओलावा देऊन ते कवच पुसले. काडी टेकताच बारीक बुडबुडे आले आणि कवच विरघळले. ओलावा आत उतरू नये म्हणून हँडसेट पूर्ण वेळ स्प्रिंगची बाजू खाली करून धरला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या दुसऱ्या काडीने व्हिनेगरचा अंश काढला आणि पंख्याखाली अर्धा तास वाळू दिले. स्प्रिंगचा वरचा मुलामा एका ठिकाणी गेला आहे, पण ताण शाबूत आहे. हँडसेटच्या तळाच्या आणि बेसच्या खाचेतल्या चार्जिंगच्या पट्ट्या आधी कोरड्या फडक्याने आणि मग शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने घासल्या; खोडरबरावर काळी रेघ उमटली. समुद्राजवळच्या दमट हवेत या पट्ट्या दर पावसाळ्याआधी एकदा पुसाव्यात असे आत्याला सांगितले.

नव्या सेलांचीही तीच चाचणी घेतली, कारण पाकिटावर छापलेल्या शब्दावर विसंबून राहायचे नव्हते. चारही सेल १.३० च्या आसपास होते आणि भाराखाली १.२६ पर्यंतच उतरले. अंतर्गत रोध ०.१५ ओहमच्या जवळ. संचाच्या पुस्तिकेत चार्जिंगला सात तास सांगितले आहेत, पण ते मूळच्या ५५० च्या सेलांसाठी; ८०० च्या सेलांना त्याच प्रवाहाने दहा तासांहून थोडे अधिक लागतील. म्हणून दोन्ही हँडसेट रात्रभर आपापल्या जागी ठेवले.

१२ जून २०२४, बुधवार

सकाळी माजघरातल्या हँडसेटवर, अपेक्षेप्रमाणे, तीच ओळ होती. नव्या, भरलेल्या सेलांवरही ती राहिली यावरून परवाचा निष्कर्ष पुन्हा पक्का झाला.

नोंदणी केली ती अशी. बेसवरचे शोधण्याचे बटण दाबून साधारण पाच सेकंद धरून ठेवले. पहिल्या वेळी बोट लवकर उचलले गेले आणि माडीवरचा हँडसेट वाजू लागला. बटण पुन्हा दाबून तो थांबवला आणि नव्याने, मोजून पाच सेकंद धरले. त्यानंतर बेस नव्या हँडसेटची वाट पाहतो, पण फक्त दीड मिनीट. त्या अवधीत हँडसेटवर पुढील बटणे दाबली:

```
MENU  #130  OK  0000  OK
```

यातले `#130` हे या संचाचे नोंदणीचे सूत्र आहे आणि `0000` हा बेसचा मूळचा गुप्त आकडा. दुसऱ्या बनावटीच्या संचात सूत्र वेगळे असते, ते त्याच्या पुस्तिकेतच पाहावे. मात्र आधी बेसला वाट पाहायला लावणे आणि मग हँडसेटने आकडा सांगणे हा क्रम बहुतेक संचांत सारखाच असतो. कुणी गुप्त आकडा बदलून विसरला असेल तर नोंदणी नेमकी तेथेच अडते. आत्याकडे तो बदललेला नव्हता.

चार-पाच सेकंद शांततेत गेले, मग एक लांब टोन आला, ती ओळ गेली आणि सिग्नलचे चिन्ह स्थिर झाले. हँडसेटला क्रमांक १ मिळाला. बेस मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक देतो. क्रमांक १ मिळाला, हे बेसच्या यादीत ती जागा रिकामी होती या तर्काशी जुळते. शोधण्याचे बटण दाबल्यावर आता दोन्ही हँडसेट वाजले, इंटरकॉमही माडीवर पोहोचला.

बेस फायबरच्या डब्यापासून उचलून माजघराच्या दुसऱ्या कोपऱ्यात, साधारण दीड मीटर अंतरावर ठेवला. या दोषाचे कारण वाय-फाय नव्हते, तरी एकाच पट्ट्यात बोलणारे दोन रेडिओ वीतभर अंतरावर ठेवू नयेत; बोलताना मधूनच होणारी खरखर त्याने कमी होते. वायर पुरली, नवी घ्यावी लागली नाही.

रात्री आठ वाजता देवरुखला फोन लागला.

१६ जून २०२४, रविवार

चार दिवस मुद्दाम हात लावला नाही. आत्याने सर्वांत लांब बोलणे ३५ मिनिटे केले, ते तुटले नाही. हँडसेट दोन रात्री बेसबाहेर खुर्चीवर राहिला तरी सिग्नलचे चिन्ह टिकले आणि बॅटरीचे चिन्ह एकाच पायरीने उतरले.

खऱ्या अंतराचीही आज चाचणी घेतली, कारण ती ओळ खरोखर अंतरामुळे केव्हा येते हे आत्याला ठाऊक असले पाहिजे. माजघरातून पडवी, मग अंगण, मग विहिरीकडे असे बोलत चालत गेलो. पडवीपर्यंत आवाज स्वच्छ होता. जांभ्याची दुसरी भिंत मध्ये आली तसा आवाज तुटू लागला, आणि विहिरीच्या काठावर, बेसपासून सुमारे वीस मीटरवर, हँडसेटने इशाऱ्याचा टोन देऊन ती ओळ दाखवली. चार पावले परत आल्यावर ती आपोआप गेली. खऱ्या अंतराची खूण हीच आहे: इशारा आधी येतो, आवाज हळूहळू बिघडतो, आणि जवळ आले की काही न करता सारे सुरळीत होते. सेलांच्या दोषात आवाज शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ असतो आणि फोन एकदम तुटतो. नोंद पुसली गेली असेल तर फोन मुळात लागतच नाही, जवळ आणा की लांब न्या. हे तीन फरक आत्याच्या टेलिफोनच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिले.

१४ जुलै २०२४, रविवार

महिन्याने पुन्हा येणे झाले. धो धो पाऊस, वीज दिवसातून तीन-चार वेळा जाते. वीज गेली की बेसच बंद पडतो, त्यामुळे तेवढा वेळ दोन्ही हँडसेट ती ओळ दाखवतात, आणि आत्या आता त्याने गोंधळत नाही; वीज आल्यावर अर्ध्या मिनिटात दोन्ही आपोआप जोडले जातात. तशा वेळेसाठी फायबरच्या डब्याला एक छोटा बॅटरी-बॅकअप जोडला आणि साधा वायरचा फोन डब्याजवळ ठेवला, म्हणजे निदान वीज नसतानाही एक फोन चालू राहील.

माजघरातल्या हँडसेटचे दोन्ही सेल पुन्हा ४.७ ओहमच्या भाराखाली मोजले: १.२५ आणि १.२६. स्प्रिंग कोरडी आणि स्वच्छ आहे. दोन्ही झाकणांच्या आतल्या बाजूला ‘जून २०२४’ असा कागद चिकटवला आहे, आणि तीन वर्षांनी, दोष दिसो वा न दिसो, ही चाचणी पुन्हा घ्यायची असे ठरले आहे. जुने चार सेल, टोकांना चिकटपट्टी लावून, एका डबीत ठेवले होते; ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता पुण्याला परतताना ई-कचरा संकलनाच्या पेटीत टाकण्यासाठी सोबत घेतले आहेत.